मोठी कीड लागलेली दाढ : सिमेंट, इनले की कॅप, हे भिंती मोजल्यावर ठरतं

*"खालच्या उजव्या बाजूच्या दाढेत मोठी कीड आहे, वय 36. सातपूरच्या डॉक्टरांनी सिमेंट भरू म्हटलं, कॉलेज रोडला दाखवलं तर इनले सांगितलं, तिसऱ्यांनी डायरेक्ट कॅप सांगितली. दुखत काहीच नाही, फक्त थंड पाणी लागलं की क्षणभर सळ येते. तिघांत खरं कोण आणि मी काय करू?"*

तिघांपैकी कुणी तुम्हाला फसवतंय असं मला वाटत नाही. तिघांनी तोंडात बघून आणि एक्सरे बघून अंदाज सांगितलाय, आणि दाढेच्या आतली कीड साफ करून नेमकं काय उरलंय हे अजून कुणीच बघितलेलं नाही. मी नाशिकला गंगापूर रोडला बरीच वर्षं प्रॅक्टिस करतोय आणि अशा दाढेच्या बाबतीत पेशंटला पहिल्या दिवशी मी ठाम उत्तर देतच नाही, "कीड काढू, मोजू, मग ठरवू" एवढंच सांगतो. एक्सरेत कीड नेहमी असते त्यापेक्षा लहान दिसते. वरून टाचणीएवढं भोक आणि आत अख्खी पोकळी हे आम्हाला रोजचं आहे, कारण इनॅमल कडक असतं आणि त्याच्या खालचं डेंटिन मऊ, कीड आत शिरली की तिथे आडवी पसरते.

त्यामुळे खरा प्रश्न तीन वस्तूंमधली कुठली चांगली हा नाहीच. कीड काढल्यावर दाढेच्या ज्या भिंती उरतील त्यातली कुठली स्वतःच्या जोरावर चावा सहन करू शकेल आणि कुठली नाही, हा प्रश्न आहे. आणि तुमच्या यादीत एक चौथा पर्याय आलेलाच नाहीये, ओनले. मोठ्या किडीत बहुतेक वेळा खरी लढत साधं सिमेंट, ओनले आणि कॅप यांच्यात असते, इनले त्यात क्वचितच बसतो. का ते खाली सांगतो.

आधी नसेचं बघू, कारण ते कळल्याशिवाय पुढचं सगळं अधांतरी. थंड लागलं की सळ येते आणि दोन-चार सेकंदात जाते, हे नस जिवंत आणि बऱ्यापैकी धडधाकट असल्याचं लक्षण आहे. थंड काढून घेतल्यावरही अर्धा मिनिट ठणकत राहिलं, गरम चहाने कळ वाढली, किंवा काही न खाता-पिता रात्री आपोआप ठणका लागून झोपमोड झाली तर चित्र बदलतं, मग रूट कॅनलचा विचार आधी आणि वर काय बसवायचं ते नंतर. क्लिनिकमध्ये आम्ही कापसाच्या बोळ्यावर थंड स्प्रे मारून तो दाढेला लावतो, आणि शेजारच्या चांगल्या दाढेलाही लावतो, म्हणजे तुलना करता येते. ही टेस्ट तिघांपैकी कुणीच केली नसेल तर ती करून मागा, दोन मिनिटांचं काम आहे.

आता भिंती. खालच्या दाढेला वरून बघितलं तर चार-पाच टोकं दिसतात, गालाच्या बाजूची आणि जिभेच्या बाजूची. पुढच्या आणि मागच्या कडेला दोन आडवे बांध असतात, जिथे ही दाढ शेजारच्या दाढेला टेकते. हे बांध गालाकडच्या आणि जिभेकडच्या टोकांना एकमेकांशी बांधून ठेवतात. कीड नुसती मधल्या खळग्यात असेल तर खड्डा मोठा दिसला तरी दाढ मजबूत राहते, पण बांध गेला की टोकं चावताना बाहेरच्या बाजूला वाकायला लागतात. 1989 साली काढलेल्या उपदाढांवर केलेला एक अभ्यास आम्हाला सगळ्यांना शिकवला जातो. रूट कॅनलसाठी वरून नुसतं भोक पाडल्याने दाताचा ताठपणा साधारण 5 टक्के कमी झाला, वरच्या पृष्ठभागावरच्या खड्ड्याने 20 टक्के, आणि दोन्ही बांध घालवल्यावर तब्बल 63 टक्के. पेशंटला वाटतं रूट कॅनलमुळे दात ठिसूळ होतो, खरं तर त्याआधी किडीने बांध खाल्लेले असतात, ते जास्त महागात पडतं.

म्हणून कीड काढून झाली की मी एक छोटा कॅलिपर घेतो, एक टोक भिंतीच्या आतून, एक बाहेरून, आणि प्रत्येक टोकाची जाडी बुडापाशी मोजतो. नस जिवंत असलेल्या दाढेत जिथे चाव्याचा मुख्य जोर येतो ती भिंत साधारण अडीच ते तीन मिलिमीटर हवी, खालच्या दाढेत ही गालाकडची टोकं. जिभेकडची टोकं दोन मिलिमीटर असली तरी चालतात. त्याहून पातळ असेल, किंवा भिंतीच्या खाली डेंटिनच उरलं नसेल आणि नुसतं इनॅमलचं कवच उभं असेल, तर ते टोक कधी ना कधी तुटणार असं धरून चालायचं. आणि खालच्या दाढेत तुटतं ते बहुतेक वेळा जिभेकडचंच. हे आकडे काही दगडावरची रेघ नाहीत, रात्री दात खाणाऱ्या माणसाला मी जास्त जाडी मागतो, आणि ज्याच्या समोरची वरची दाढच नाहीये त्याला कमीतही भागतं. रूट कॅनल झालेली दाढ असेल आणि एक जरी बांध गेलेला असेल तर मी टोकं झाकण्याकडेच झुकतो.

आता इनलेचं. इनले म्हणजे सिमेंटचाच भाऊ, फक्त तो तोंडात थर देत न भरता बाहेर लॅबमध्ये सिरॅमिकचा किंवा कंपोझिटचा, म्हणजे दाताच्या रंगाच्या त्याच सिमेंटचा, बनवून आणतात आणि खड्ड्यात चिकटवतात. त्याचा फायदा खरा आहे. कंपोझिट लाइटने कडक होताना साधारण दोन-तीन टक्के आकसतं, मोठ्या खड्ड्यात हे आकसणं कडांना ओढतं. इनलेत आकसतो तो फक्त चिकटवायचा पातळ थर. शेजारच्या दाढेशी टेकण्याची जागा, म्हणजे काँटॅक्ट, तीही लॅबमध्ये सुबक येते. पण इनले टोकांच्या मध्ये बसतो, टोकांवरून जात नाही. भिंती पातळ असतील तर चावताना तो लाकडात ठोकलेल्या पाचरीसारखा काम करतो, दोन्ही बाजूंना बाहेर दाबतो. शिवाय तयार तुकडा वरून सरळ आत बसावा म्हणून खड्ड्याच्या भिंती वरच्या दिशेने थोड्या उघड्या कराव्या लागतात, म्हणजे आधीच पातळ असलेली भिंत आपण हाताने अजून पातळ करतो. त्यामुळे माझ्याकडे इनलेचा पेशंट म्हणजे ज्याचा खड्डा मोठा आहे पण भिंती जाड आहेत, असा. आणि भिंती जाड असतील तर कंपोझिटनेही बहुतेक वेळा छान भागतं.

ओनले म्हणजे तोच तुकडा, पण जी टोकं कमजोर आहेत त्यांना वरून दीड-दोन मिलिमीटर कमी करून त्यांच्यावर पांघरलेला. चावा मग टोकाला बाहेर ढकलत नाही, खाली दाबतो. चांगली टोकं तशीच ठेवता येतात.

एक केस सांगतो, म्हणजे हे सगळं एकत्र कसं येतं ते कळेल. सिन्नरहून एक शिक्षिका यायच्या, खालच्या डाव्या पहिल्या दाढेत खूप जुनी चांदी भरलेली. तक्रार अशी की भाजलेले शेंगदाणे किंवा हरभरे खाताना कधीतरी विजेसारखी कळ जाते, आणि ती चावताना नाही तर चावून जबडा उघडताना. हे लक्षण ऐकलं की डोक्यात पहिली शंका तड्याची येते, कारण दाबलेली फट सुटताना आत हालचाल होते. त्यांना एकेका टोकावर छोटं प्लॅस्टिकचं ठोकळं देऊन चावायला लावलं, जिभेकडच्या मागच्या टोकावरच कळ आली. थंडाची टेस्ट नॉर्मल, टिचकीने दुखत नव्हतं.

रबर डॅम, म्हणजे दाढ थुंकीपासून वेगळी ठेवणारा रबराचा पातळ पडदा, लावून चांदी काढली, तर मागच्या बाजूला चांदीखाली कीड, आणि जिभेकडच्या मागच्या टोकाच्या बुडाशी पुढून मागे जाणारी एक करडी रेष. बाजूने लाइट टाकला की प्रकाश त्या रेषेपाशी अडत होता, वरवरच्या साध्या रेघेत असं होत नाही. रेष टोकाखालीच होती, नसेवरच्या तळाला आडवी ओलांडत नव्हती, हे फार महत्त्वाचं, कारण तडा तळ ओलांडून एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत गेला असता तर दाढ किती टिकेल याची हमी मी दिली नसती. कीड काढल्यावर मोजलं : जिभेकडची दोन टोकं दीड आणि पावणेदोन मिलिमीटर, गालाकडची सगळी तीनच्या वर.

त्या दिवशी लगेच माप घेतलं नाही. जिभेकडची दोन्ही टोकं कमी करून त्यावरून कंपोझिट पांघरलं आणि दोन आठवडे त्याच बाजूने जेवा म्हटलं. हे दोन आठवडे म्हणजेच निदान आहे, टोक झाकल्यावर कळ गेली तर तडा टोकापुरता आहे, नाही गेली तर नस किंवा अजून खोल काहीतरी. त्यांची कळ गेली. मग उघड्या डेंटिनवर आधी बाँडिंगचा थर देऊन माप घेतलं, लॅबमधून लिथियम डायसिलिकेट नावाच्या सिरॅमिकचा ओनले आला, जिभेकडची दोन्ही टोकं आणि मागचा बांध झाकणारा, गालाकडची टोकं तशीच. चिकटवताना पुन्हा रबर डॅम. हा तुकडा हातात असतो तेव्हा नाजूक असतो, जोरात चावून बघायला लावला तर तडकतो, म्हणून चावा चिकटवल्यानंतरच कार्बन पेपरने तपासायचा. आतली बाजू अ‍ॅसिडने खडबडीत करून, सिलेन लावून, रेझिन सिमेंटने बसवला. आठवडाभर थंड जरा जाणवलं, मग शांत. या दाढेला मी पूर्ण कॅप केली असती तर गालाकडच्या तीन मिलिमीटरच्या धडधाकट भिंती चारी बाजूंनी घासाव्या लागल्या असत्या, ज्यांचा काहीच दोष नव्हता.

कॅपबद्दल माझा विरोध नाही, पण तिची किंमत दाताने मोजावी लागते हे लोकांना सांगितलं जात नाही. 2002 च्या एका मोजणीत दाढेच्या पूर्ण कॅपसाठी हिरडीवरच्या भागाचं दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश वजन घासलं जातं असं आलं, इनले आणि अर्धवट ओनलेला त्याच्या अर्ध्याहूनही बरंच कमी. जिवंत नसेच्या दाढेला एवढं घासलं की काहींची नस पुढे काही वर्षांत गुपचूप मरते, आणि मग त्याच कॅपला भोक पाडून रूट कॅनल. तरीही काही ठिकाणी मी कॅपच सांगतो. रूट कॅनल झालंय आणि दोन-तीन भिंती गेल्यात, सगळ्या बाजूंनी तडे आहेत, किंवा कडेला इनॅमलच शिल्लक नाही त्यामुळे चिकटवण्यावर भरवसा ठेवता येत नाही, तिथे कॅप, कारण ती दाताला चारी बाजूंनी मिठी मारून धरते. फक्त त्या मिठीत हिरडीच्या वर दीड-दोन मिलिमीटर खरा दात आला पाहिजे, नुसत्या भरलेल्या सिमेंटवर बसवलेली कॅप काही दिवसांनी सिमेंटसकट हातात येते.

आता साधं सिमेंट, म्हणजे कंपोझिट. याला "तात्पुरतं" किंवा "गरिबाचं" समजू नका. एकच बांध गेलाय, उरलेल्या भिंती जाड आहेत, कडेला इनॅमल आहे, तर नीट केलेलं कंपोझिट वर्षानुवर्षं जातं. पण "नीट केलेलं" यातच सगळं आलं. रबर डॅम हवा, कारण बाँडिंग करताना थुंकी किंवा हिरडीचं रक्त लागलं की ती कड तिथेच हरली. साधारण दोन मिलिमीटरच्या थरांनी भरायचं, आणि शेजारच्या दाढेशी काँटॅक्ट घट्ट यावा म्हणून गोलाईची पट्टी, रिंग आणि लाकडाची पाचर लावायची. ही रिंग न लावता सपाट पट्टीने भरलेलं सिमेंट ओळखायचा सोपा उपाय म्हणजे दुसऱ्या दिवशी दोरा घालून बघा. दोरा टक् करून आत गेला आणि टक् करून वर आला तर काँटॅक्ट बरोबर, सरसर गेला तर ढिला, आणि दोऱ्याचे धागे सुटले तर कड बाहेर आलीये. काँटॅक्ट ढिला असेल तर मटणाचे तंतू, मेथीची पानं, मिसळीतली शेव जेवण झालं की दर वेळी तिथेच अडकणार, आणि वर्ष-दोन वर्षांत त्याच फटीत खाली नवीन कीड आणि हिरडी सुजलेली. हे होण्याची वाट बघू नका, लगेच परत जा.

तुमच्या केसमध्ये मला अजून एक गोष्ट बघायची आहे, कीड शेजारच्या दाढेच्या बाजूने किती खाली गेलीये. त्यासाठी बाइटविंग एक्सरे लागतो, ज्यात पेशंट एक छोटी पट्टी चावून धरतो आणि वरच्या-खालच्या दाढांचे मुकुट एकाच फोटोत येतात. नुसता मुळांचा एक्सरे काढला असेल तर ही कड नीट दिसत नाही. कड हिरडीच्या वर असेल तर तिन्ही पर्याय खुले. हिरडीच्या खाली गेली की तिथे बहुतेक वेळा इनॅमल नसतं, ओलावा आवरत नाही, आणि मग आधी ती कड कंपोझिटने वर उचलून घ्यावी लागते किंवा हिरडीचं छोटं काम करावं लागतं. इथे घाई केली तर वर कितीही महाग झिरकोनियाची कॅप बसवा, दाढ खालून सडते.

आणि कीड नसेच्या अगदी जवळ असेल तर मी सगळी खरवडून नस उघडी पाडत नाही. कडांपाशी एकदम स्वच्छ, पण नसेवरच्या तळाला चिवट कातड्यासारखा थर असेल तर तो राहू देतो, वर घट्ट सील करतो. अशा दाढेला लगेच ओनले किंवा कॅप करायची मला घाई नसते. कंपोझिटने बांधून, पातळ टोकं त्यानेच झाकून दोन-तीन महिने थांबतो, पुन्हा थंडाची टेस्ट, पुन्हा एक्सरे. नस शांत राहिली तर पुढचा खर्च करायचा. नाही राहिली तर रूट कॅनल, आणि निदान महागडा तुकडा तरी फोडायला लागत नाही.

पैशाचं म्हणाल तर कंपोझिट एका बैठकीत आणि सगळ्यात स्वस्त. इनले, ओनले आणि सिरॅमिकची कॅप या तिघांना लॅबचं बिल, दोन बैठका आणि मधला टेम्पररी लागतो, त्यामुळे दर बरेच जवळजवळ येतात. "ओनले कॅपच्याच किमतीत, मग कॅपच का नको" असं पेशंट विचारतात, तर वाचतो तो तुमचा दात, बिल नाही. सध्या हात आखडता असेल तर मोठं कंपोझिट टोकांवरून पांघरून दोन-तीन वर्षं चालवता येतं, आणि नंतर त्यावरच ओनलेचं माप घेता येतं. डॉक्टरांना हे मोकळेपणाने सांगा, नाहीतर पेशंट खर्चाच्या धास्तीने सहा महिने येतच नाहीत आणि तोवर टोक तुटून हिरडीच्या खाली गेलेलं असतं.

तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला वाटतं नस वाचेल आणि पूर्ण कॅपची गरज पडणार नाही, कंपोझिट किंवा ओनले यातलं एक होईल, पण हे न बघता केलेलं बोलणं आहे. तिघांपैकी जे डॉक्टर थंडाची टेस्ट आणि बाइटविंग करतील, रबर डॅम वापरतील, आणि कीड काढल्यावर मोबाइलवर फोटो काढून "ही भिंत पातळ आहे, ही जाड आहे" असं तुम्हाला दाखवतील त्यांच्याकडे करा. कीड काढायच्या आधीच माप आणि पूर्ण अ‍ॅडव्हान्स मागत असतील तर थांबा आणि आधी कारण विचारा. तोवर त्या बाजूने सुपारी, चिक्की, कडक भाकरीचा पापुद्रा, नळी फोडणं बंद, आणि अपॉइंटमेंट महिनाभर पुढे ढकलू नका. मधेच टोक तुटलं तर तुकडा टाकून देऊ नका, डब्यात घालून घेऊन जा, तुटलेली कड किती खाली गेलीये याचा त्यावरून अंदाज येतो. रात्री आपोआप ठणका सुरू झाला किंवा गालावर सूज आली तर त्याच दिवशी दाखवा, नुसत्या पेनकिलरवर काढू नका.